नुसताच सापाचा फोटो आला, खाली एक शब्द नाही: पहिलं उत्तर काय द्यावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा सुरू झाला की सर्पमित्रांच्या फोनवर सापांचे फोटो येऊ लागतात. त्यांतल्या बऱ्याच फोटोंखाली काहीच लिहिलेलं नसतं. अशा वेळी काय करायचं, हे नव्याने या कामात आलेली मुलं-मुली सतत विचारतात. त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

फोटो आला, सोबत काहीच लिहिलेलं नाही. पहिला मेसेज नेमका काय टाकू?

एवढा पुरतो:

"नमस्कार, फोटो मिळाला. आधी हे सांगा, कुणाला चावलंय का? आणि साप आत्ता कुठे आहे? त्याच्यापासून सात-आठ फूट लांब राहा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना आत घ्या. मी फोनवर आहे."

यात दोनच प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही. चावलंय का, हे पहिलं, कारण त्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. साप कुठे आहे, हे दुसरं. तो डोळ्यांसमोर असेल तर कुणीतरी लांबून नजर ठेवायला हवी, निसटला असेल तर शोधाशोध थांबवायला हवी. गाव कोणतं, घर कुठे, फोटो कधीचा, हे तिसऱ्या-चौथ्या मेसेजमध्ये विचारता येतं. एकदम सहा प्रश्न टाकले की घाबरलेला माणूस त्यांतल्या सर्वांत सोप्याचं उत्तर देतो, आणि ते बहुधा गावाचं नाव असतं.

"मी फोनवर आहे" हे वाक्य गाळू नका. पलीकडच्या माणसाचा हात काठीकडे गेलेला असतो. कुणीतरी सोबत आहे हे कळलं की तो दोन मिनिटं थांबतो. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर सरळ फोन लावा.

पण लोक नुसता फोटोच का पाठवतात? दोन शब्द लिहायला काय होतं?

एका हातात फोन, दुसऱ्या हातात झाडू, आणि नजर सापावर. लिहिणार कधी? काहींना मराठी टाइप करणं जमत नाही, काहींचा फोन घरातल्या पोराने हातात घेतलेला असतो. शिवाय प्रश्न उघडच आहे असं त्यांना वाटतं. "प्रश्न काय आहे ते लिहा" असं उत्तर कधीच देऊ नये. ते बरोबर असलं तरी पलीकडे ते हाकलून लावल्यासारखं वाचलं जातं. आवाजाचा मेसेज पाठवा म्हटलं, तर मात्र लोक चटकन पाठवतात.

साप मी बघताक्षणी ओळखला. मग आधी नाव सांगितलं तर बिघडलं कुठे?

नाव खरं असलं तरी पलीकडचा माणूस ते आपल्या सोयीने वापरतो, बिघडतं ते इथे. "धामण आहे" एवढंच लिहिलं की एखादा हौशी शेपूट धरायला जातो. "घोणस आहे" एवढंच लिहिलं की दगड शोधायला सुरुवात होते. आणि कुणाला चावलेलं असेल, तर नाव कळेपर्यंत घरचे लोक दवाखान्यात न जाता फोनकडे बघत बसतात. हा शेवटचा धोका सर्वांत मोठा आहे.

उपचारासाठी नाव अडत नाही. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस, म्हणजे एएसव्ही, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच काम करते. कोणत्या सापाला कोणती बाटली, असा हिशेब नसतो. डॉक्टर ती सापाच्या नावावरून देत नाहीत, रुग्णाच्या लक्षणांवरून देतात. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल तर कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर विष रक्तात काम करतंय हे कळतं. साप मारून पिशवीतून नेण्याची गरज त्यासाठी नसते.

म्हणून आधी माणूस, मग साप कुठे आहे ते, आणि नाव सर्वांत शेवटी. ज्याला चावलेलं नाही आणि ज्याच्या घरापासून साप लांब आहे, त्याला नाव सावकाश, चांगलं समजावून सांगा. तिथे वेळच वेळ असतो.

"हो, चावलंय" असं उत्तर आलं तर?

लिहिणं थांबवा आणि फोन करा. फोनवर सांगायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्या याच क्रमाने सांगा.

१०८ ला फोन करा, किंवा गाडी हाताशी असेल तर लगेच निघा. चावलेल्याला चालवू नका, धावू तर मुळीच देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ आत्ताच काढा, कारण सूज चढली की ते निघत नाही आणि बोट आवळलं जातं. हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला सैल बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा. घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका. देवऋषी नको, झाडपाला नको. आणि सापामागे कुणी जाऊ नका.

निघण्याआधी हे एक मुद्दाम विचारा: "जवळच्या दवाखान्यात एएसव्ही आहे का, हे घरातल्या कुणालातरी फोन करून विचारायला सांगाल का?" प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा असायला हवा, पण ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात श्वासाला आधार देण्याची सोय असण्याची शक्यता जास्त असते. नाग किंवा मण्यार असेल तर तीच सोय जीव वाचवते.

घरचे "काही होत नाहीये, दुखतही नाहीये" म्हणाले तरी त्यांना पाठवाच. मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज नसते, कधी दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. पापण्या जड होणं, गिळायला त्रास, पोटात दुखणं ही लक्षणं काही तासांनी येतात. म्हणून लक्षणं नसली तरी असा रुग्ण २४ तास नजरेखाली ठेवायचा, असाच वैद्यकीय प्रघात आहे.

तुम्ही पाहिलेला फोटो वाया जात नाही. तो दवाखान्यात पाठवायला सांगा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. फक्त त्याची वाट बघत कुणी थांबायचं नाही.

फोटो धूसर आहे. जवळून दुसरा काढून पाठवा म्हणू का?

"जवळून" हा शब्द वापरूच नका. "आहात तिथूनच, झूम करून, अंगावरची नक्षी दिसेल असा एक फोटो पाठवा. जमत नसेल तर राहू द्या" असं म्हणा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, नाहीतर आपण मागितला म्हणून लोक दोन फुटांवर जाऊन वाकतात.

तोंडाचा फोटो मागायचा मोह होतो, पण तो टाळा. ओळखण्यासाठी पाठीचा मधला भाग आणि शेपटीकडचा भाग बहुतेक वेळा पुरतो. साप दिसत नसेल तर फोटो मागण्यात अर्थच नाही. तिथे अंधारात टॉर्च घेऊन शोधणारे हात थांबवणं हेच तुमचं काम.

रात्रीचा फोटो, काळसर अंग, पांढरे पट्टे. मण्यार की कवड्या? आणि असं कुणी नुसतं पाठवलं तर संवाद कसा चालवायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून तो सविस्तर घेऊ. उदाहरणादाखल समजा, रात्री पावणेबाराला फोटो आला. स्वयंपाकघर, सिलेंडरच्या मागे वेटोळं, अंग काळं, पट्टे पांढरे. मजकूर नाही, नंबर अनोळखी.

तुम्ही लिहिता: "नमस्कार, फोटो मिळाला. कुणाला चावलंय का? साप अजून सिलेंडरमागेच आहे का? लांब राहा, मी फोनवर आहे."

पलीकडून येतं: "नाही चावला. तिथंच आहे."

आता श्वास घ्यायला वेळ मिळाला. पुढचा मेसेज: "छान. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, फटीत गोधडी किंवा चादर कोंबा. आत कुणी झोपलेलं नाही ना? गाव कोणतं?" साप एका खोलीत कोंडला गेला की अर्धं काम झालं. सिलेंडर हलवू नका, फिनेल ओतू नका, हेही इथेच सांगायचं. फिनेलने साप बिथरतो आणि दिसेल त्या फटीत घुसतो.

मग फोटो निवांत पाहायचा. मण्यार निळसर काळी, चकचकीत असते. पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने असतात. डोक्यापासून काही अंतर ते नसतात किंवा पुसट ठिपक्यांसारखे असतात, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलटं: रंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे जाड आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग असते, पण फोनवरच्या फोटोत ती क्वचितच दिसते. खिडकीच्या जाळीवर किंवा भिंतीवर पालींच्या मागे चढलेला साप बहुधा कवड्या निघतो. "बहुधा" वर मात्र कुणाचा जीव टांगू नये.

वेटोळ्यात डोक्याकडचा भाग दडलेला असेल तर पट्टे कुठून सुरू होतात ते कळत नाही. मग उत्तर असं: "हा मण्यार असू शकतो, फोटोवरून खात्री होत नाही. म्हणून विषारीच समजून वागू या. आज कुणी जमिनीवर झोपू नका, खाटेवर झोपा, मच्छरदाणी असेल तर गादीखाली खोचून लावा. तुमच्या भागातला सर्पमित्र पाठवतोय." मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना अंथरुणात चावते, म्हणून खाट आणि मच्छरदाणी ही इथली सर्वांत उपयोगी सूचना. सापाच्या नावापेक्षाही.

सर्पमित्र पोहोचणार नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन द्या आणि तोवर दार उघडू नका म्हणून सांगा.

घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचं पिल्लू सारखंच दिसतं. "बिनविषारी आहे" सांगून लोकांचा जीव भांड्यात टाकू का?

खात्री असेल तरच. घोणशीच्या पाठीवर गडद, लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या नीट ओळीत असतात. डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं दिसतं, आणि डिवचली की प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा मोठा फूत्कार टाकते. डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड आणि बोथट. अजगराच्या पाठीवर मोठाले, अनियमित पट्टे-ठिपके, अंग गुळगुळीत.

फोटोत यांतलं एकही लक्षण स्वच्छ दिसत नसेल तर "घोणस असावी असं धरून चाला" एवढंच म्हणा. चूक झालीच तर या दिशेने झालेली परवडते: बिनविषारीला विषारी समजल्याने एक रात्र जागरण होईल. आणि खात्रीने बिनविषारी असला तरी "हात लावू नका, तो आपणहून निघून जाईल" हे जोडाच. धामणही जोरात चावते.

कोकणात विचारणाऱ्यांसाठी: हाच नियम फुरसे आणि मांजऱ्याला लावा. फुरसे लहान, जाडसर, डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पायासारखी खूण, आणि वळशात अंग घासून करवतीसारखा आवाज. मांजऱ्या सडपातळ, लांब, डोळे मोठे. दगडी बांधाच्या, जांभ्याच्या भिंतीच्या फोटोत एवढुसा साप दिसला की आकारावरून "पिल्लू आहे, काही नाही" असं कधी म्हणू नका. फुरसे मुळातच लहान असतं.

आंबोलीच्या बाजूने हिरव्या सापाचा फोटो आला. चारांत नाही म्हणजे काळजी नाही, असं लिहू?

नाही. हिरवा साप म्हटलं की हरणटोळ, गवत्या आणि चापडा अशा निरनिराळ्या शक्यता असतात, आणि त्यांतला चापडा विषारी आहे. आपली एएसव्ही ज्या चार सापांच्या विषावर बनते, त्यांत चापडा येत नाही. तरीही चापडा चावला तर दवाखानाच, कारण सूज आणि वेदना यांवर उपचार तिथेच होतात. पहिलं उत्तर बदलत नाही: चावलंय का, कुठे आहे.

मेलेल्या सापाचा फोटो आला. चिडून काही बोलावंसं वाटतं.

वाटणारच. पण पहिल्या मेसेजमध्ये नको. आधी तेच विचारा: "मारण्याआधी कुणाला चावला नाही ना?" बऱ्याचदा साप मारलाच जातो तो चावल्यामुळे, आणि फोटो पाठवणारा ते सांगायचं विसरतो. दुसरं: "त्याला हात लावू नका, डोक्याकडून तर नाहीच. मेलेला साप काही वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतो." घोणशीचं तुटलेलं डोकं उचलताना विष टोचलं जाऊ शकतं.

एवढं झाल्यावर, माणूस शांत झाला की, हळूच सांगता येतं की साप मारणं, पकडणं, बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे आणि पुढच्या वेळी आधी फोन करा. "पुढच्या वेळी आधी मला फोन करा, मी येतो" यात दम नाही आणि आमंत्रण आहे. ज्याला पहिल्यांदा कायदा ऐकवला, तो दुसऱ्यांदा फोटो पाठवत नाही, साप मात्र मारतो.

हातात साप धरलेला, हसरा फोटो आला. काय म्हणू?

"साप आधी खाली ठेवा, आणि मग सांगा, चावला तर नाही ना?" एवढंच. कौतुक नको, कारण तो पुढचा फोटो नागाबरोबर काढील. खरडपट्टीही नको, कारण तो आत्ता साप धरून आहे आणि त्याचं लक्ष तुमच्या मेसेजमध्ये नको, हातात हवं. साप हातातून सुटल्यावर बोलायला पुष्कळ वेळ आहे.

फोटो फॉरवर्ड केलेला वाटतो. उत्तर द्यायचं का?

द्यायचं, पण एक प्रश्न जोडून: "हा फोटो तुमच्याच घरचा आहे की कुठून आलाय?" व्हॉट्सॲपवर फॉरवर्डची खूण असली म्हणून तो खोटा ठरत नाही. भावकीच्या ग्रुपवर टाकलेला खरा फोटो भाच्याने तुम्हाला पुढे ढकललेला असू शकतो. तसं असेल तर मूळ माणसाचा नंबर मागा आणि थेट त्याच्याशी बोला, कारण मधल्या माणसाला साप कुठे आहे हे ठाऊक नसतं. नागपंचमीच्या आसपास मात्र जुनेच फोटो फिरतात. तिथे "हा जुना आहे, घाबरू नका" एवढं पुरतं.

फोटो दुपारी आला होता, मी संध्याकाळी पाहिला. आता काय लिहू?

लिहू नका, फोन करा. उशिराबद्दल लांबलचक माफी नको, एक वाक्य बास. "आत्ताच पाहिलं. सगळे बरे आहात ना? कुणाला चावलं नाही ना?" दुपारी चावून "काही होत नाही" म्हणून घरी बसलेला माणूस संध्याकाळी सापडू शकतो, आणि मण्यारच्या बाबतीत ते घातक ठरतं (वर "हो, चावलंय" हे उत्तर पाहा). साप निसटला असेल तर रात्री अंथरूण आणि बूट झटकून बघायला सांगा.

रजेवर किंवा गावाबाहेर असताना आपल्या जागी कोण, हे आधीच ठरवून ठेवा आणि त्याचा नंबर आपोआप जाणाऱ्या उत्तरात द्या. त्याच उत्तरात "साप चावला असेल तर वाट न बघता १०८" ही ओळ असू द्या.

परदेशातल्या मराठी मित्राने अंगणातल्या सापाचा फोटो पाठवला. ओळखून देऊ?

चावलंय का, हे विचारा आणि तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करायला सांगा. त्यापुढे ओळखीच्या भानगडीत पडू नका. ऑस्ट्रेलियातला तपकिरी साप आपल्या धामणीसारखा वाटू शकतो आणि जगातल्या अतिविषारी सापांपैकी असू शकतो. आपला सराव इथल्या सापांचा आहे.

फोटोत साप नाहीच असं दिसतं. हसू येतं, तरी काय लिहायचं?

तीन गोष्टी वारंवार येतात. एक, कात. ती बघून म्हणा: "ही सापाची कात आहे, साप निघून गेलाय. पण जवळपास फिरतो आहे असं समजा, अडगळ हातमोजे घालून, काठीने हलवून बघा." दुसरी, सापसुरळी. चकचकीत अंग, तुरुतुरु पळते आणि चार छोटे पाय असतात, झूम केलं की दिसतात. विषारी नाही. तिसरं, पहिल्या पावसात ओल्या मातीत सापडणारं देवगांडूळ. पाय नाहीत, अंगावर गांडुळासारखी वळी, डोळे दिसतही नाहीत. तो बेडकांच्या गोतावळ्यातला उभयचर प्राणी आहे, साप नव्हे. "तुमचं अंगण चांगलं ओलसर आहे, त्याला पानांखाली सोडून द्या" असं म्हटलं की पाठवणाऱ्याला आपण वेड्यात निघालो असं वाटत नाही. हसण्याचे इमोजी मात्र त्याने आधी पाठवू द्यावेत.